पालुपद म्हणजे तेच चित्र पुन्हा डकवणं नव्हे

बस इथं. आधी लॅपटॉप मिटव. मिटव म्हणतो ना! तुझा व्हिडिओ मी तीन वेळा पाहिलाय. एकदा आवाजासकट, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा डोळे मिटून. डोळे मिटल्यावर गाणं छान वाटलं. तुझ्या मित्राचा गळा चांगला आहे, भजनी ठेकाही नेटका धरलाय. आवाज बंद केल्यावर मात्र पालुपद कुठलं आणि अंतरा कुठला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत तू एक्केचाळीस शॉट कोंबलेत. शिक्रापूरच्या चौकात संध्याकाळी जशी वाहनं तुंबतात, तशी तुझी चित्रं एकमेकांच्या अंगावर चढलीत. कुणाला कुठं जायचंय, कुणालाच ठाऊक नाही.

चार महिने राबलो म्हणतोस. राबलास, दिसतंय ते. पण राबण्याआधी बसून विचार किती दिवस केलास? एक दिवसही नाही. गाणं हातात आलं आणि त्याच रात्री तू मोर काढायला घेतलास. मोर का, तर मोराची चिंचोली आपल्याच तालुक्यात आहे म्हणून! मग घड्याळ, कारण नदीचं नाव वेळ. मग ऊस, कांद्याच्या गोणी, बैल, पतंग, घागर, कमळ. कमळ, अरे! आपल्या वेळ नदीत कमळ कधी पाहिलंस? अकरा चिन्हं मोजली मी, आणि त्यातलं एकही दुसऱ्यांदा आलं नाही. दुसऱ्यांदा येत नाही ते चिन्हच नव्हे, ती नुसती सजावट. आधी कळस मग पाया म्हणतात, तो हाच प्रकार.

आता कागद घे. पेन्सिल राहू दे बाजूला, चित्र काढायचं नाही. आकडे मांडायचेत, पेन पुरे.

तुझ्या मित्रानं मेट्रोनोम लावून गायलं, हे त्याचं शहाणपण. मिनिटाला 96 मात्रा. तू 24 फ्रेमनं काम करतोस, म्हणजे एका मिनिटात 1440 फ्रेम. त्याला 96 नं भाग. एका मात्रेला 15 फ्रेम. भजनी ठेका आठ मात्रांचा, तेव्हा एक आवर्तन 120 फ्रेमचं, म्हणजे बरोबर पाच सेकंदांचं. तुझं गाणं 160 सेकंदांचं आहे. किती आवर्तनं झाली? बत्तीस. एवढा साधा हिशेब तू चार महिन्यांत केला नाहीस! मित्रानं मेट्रोनोमशिवाय गायलं असतं, तर हा भागाकार चालला नसता. गाणारा माणूस रंगात आला की लय थोडी पुढं सरकते. तेव्हा आवाजाच्या आलेखावर प्रत्येक सम कानानं हेरून खूण करायची आणि दोन समांमधल्या फ्रेम मोजायच्या. कुठं 118 भरतात, कुठं 123. तुला ते कष्टसुद्धा नव्हते.

आता कागदावर बत्तीस चौकटी आख. प्रत्येक चौकटीत आठ बारीक खुणा कर. चौकट म्हणजे आवर्तन, खूण म्हणजे मात्रा. माझी काही ही नवी शक्कल नाही. 1928 साली डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’साठी विल्फ्रेड जॅक्सन या पोरानं मेट्रोनोम लावून, ठोक्यामागं किती फ्रेम हे ठरवून असाच तक्ता केला होता. मुंबईत मी सेलवर रेघा ओढायचो, तेव्हा आमच्या मुकादमाच्या भिंतीवर असला तक्ता चिकटवलेला असे. तक्ता भरल्याशिवाय कुणाला ब्रश हातात मिळत नसे.

भर आता. सुरुवातीचं वादन दोन चौकटी. पालुपद चार. पहिला अंतरा चार, पालुपद दोन. दुसरा अंतरा चार, पालुपद दोन. तिसरा अंतरा चार. मग तुम्ही पोरं ज्याला ब्रिज म्हणता तो भाग चार. शेवटचं पालुपद चार, आणि विरत जाणारं वादन दोन. कर बेरीज. बत्तीस. बारा चौकटी पालुपदाच्या आहेत, बघितलंस? गाण्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग पालुपदानं व्यापलाय. तुझ्या व्हिडिओत त्या बारा चौकटींना काहीही ओळख नाही. पोवाड्यात शाहीर कडवं म्हणतो आणि झीलकरी मागून तीच ओळ उचलतात, तेव्हा ऐकणाऱ्याला आपण घरी परतल्यासारखं वाटतं. तुझ्या व्हिडिओत परतायला घरच नाही.

‘सर, पालुपदाला चित्र सारखंच ठेवलं तर लोक कंटाळतील,’ असं तू मघाशी म्हणालास. बरोबर आहे. ‘तेच पालुपद लावू नकोस’ असं आपण कटकट करणाऱ्याला म्हणतोच. पण कंटाळा तेव्हा येतो, जेव्हा सगळंच तसंच राहतं. मांडणी तीच ठेवायची आणि तिच्यात एकच गोष्ट हलवायची. मांडणीवरून माणूस घर ओळखतो, आणि हललेल्या गोष्टीवरून त्याला कळतं की आपण बाहेर होतो तेव्हा घरात काहीतरी झालं.

खात्री पटत नसेल तर ‘एक अनेक और एकता’ पुन्हा पाहा. लहानपणी पाहिलास ना? फक्त पाहिलास, वाचला नाहीस. 1974 चा फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट, सातेक मिनिटांचा. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं, ‘दो आँखें बारह हाथ’वाल्या. त्यातला कोवळा आवाज साधना सरगम यांचा. आता त्यातली रचना बघ. पडद्यावर एक फुलपाखरू येतं आणि त्याची अनेक होतात. एक खार येते, तिच्या अनेक होतात. एक पाखरू येतं, त्याची अनेक होतात. मांडणी प्रत्येक वेळी तीच, प्राणी फक्त वेगळा. तिसऱ्या वेळेपर्यंत बालवाडीतल्या पोरालाही कळलेलं असतं की आता हे वाढणार. आणि नेमकं तिथं गोष्ट वळण घेते. ती अनेक पाखरं पारध्याच्या जाळ्यात सापडतात, सगळी मिळून जाळं घेऊन उडतात आणि उंदीर ते जाळं कुरतडतात. एकाचे अनेक होणं आपण पाहत आलो होतो, आता अनेकांचं एक झालं. हे पाठ करायला कुणाला सांगावं लागलं नाही. चिन्ह दोनदा तसंच परत आलं म्हणून तिसऱ्यांदा त्याचं वळण पोचलं. एकदाच आलं असतं तर ती नुसती पाखरांची गोष्ट झाली असती.

तुझ्या अकरा चिन्हांतलं कुठलं ठेवायचं, असं विचारतोस? एकही नाही. तुझं चिन्ह त्या यादीत नाहीच. ते तुझ्या सातव्या शॉटमध्ये आहे आणि तुला ते दिसलंही नाही. पहिल्या अंतऱ्यात आजी धुणं घेऊन घाटावर येते. तिच्या पावलाशेजारी पायरीवर तू एक ओली रेघ काढलीस. पाणी कुठपर्यंत आहे ती रेघ. अख्ख्या व्हिडिओत तेवढंच चित्र तू डोळे उघडे ठेवून काढलंयस. पावणेदोन सेकंदांत ते निघून गेलं, कारण तुला मोर दाखवायची घाई होती.

ती रेघ धर. आडवी, साधी रेघ. काढायला सोपी, आणि गाण्याचा सगळा मतलब तिच्यात. खेड तालुक्यात उगवून इथं येऊन भीमेला मिळणारी नदी, तिचं नाव वेळ. गाण्यात शब्दाचा खेळ मित्रानं केलाय, तो त्याच्यापाशी राहू दे. त्याच्यावर तू पुन्हा घड्याळ काढलंस की एकाच गोष्टीचे दोन ढोल वाजतात. चित्रानं शब्दाचं भाषांतर करायचं नसतं. शब्दानं जे उघड बोललेलं नाही, ते चित्रानं सांगायचं. पाण्याची रेघ खाली सरकताना दिसली की वेळ गेली, हे बघणारा स्वतःच म्हणेल.

आता पालुपदाच्या चार जागा. चारही वेळा कॅमेरा त्याच ठिकाणी, तोच घाट, पायऱ्या तितक्याच. पहिल्या पालुपदाला रेघ वरून दुसऱ्या पायरीवर. दुसऱ्याला चौथ्या. तिसऱ्याला सातव्या, म्हणजे जवळजवळ तळाला. चौथ्याचं नंतर सांगतो. घाट एकदाच रंगवायचा आणि चारदा वापरायचा. बारा चौकटी म्हणजे 1440 फ्रेम, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम एका पार्श्वचित्रात निघतं. तू दर वेळी नवी पार्श्वभूमी रंगवलीस आणि चार महिने घालवलेस.

अंतऱ्यांत रेघ हरवायची नाही, पण वेशांतर करून येऊ दे. पहिल्यात आजीच्या पिळलेल्या लुगड्याची दोरी. दुसऱ्यात बाप कांद्याला पाणी धरतो, तिथं मोटारीचा पाइप. तिसऱ्यात पोरगा रांजणगावच्या कारखान्यात कामाला निघतो, तिथं रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा. प्रत्येक वेळी रेघ पडद्याच्या त्याच उंचीवर हवी. माणसाच्या डोळ्याला ती उंची लक्षात राहते. दोरी, पाइप आणि पट्टा निरनिराळ्या उंचीवर काढलेस, तर त्या तिघांचं नातं कुणाच्या ध्यानात येणार नाही. मग ‘मी सूचक चिन्ह वापरलंय’ असं तुला खाली लिहून सांगावं लागेल. लिहून सांगावं लागलं की समज चिन्ह मेलं.

आता तुझ्या आजीच्या चालण्याकडं येऊ, कारण घोडं इथंच पेंड खातंय. आजी लंगडते आहे. तुला दिसलं नाही? तू म्हणालास, ‘सर, मी समेवर तपासलंय, पाऊल बरोबर पडतं.’ कुठल्या समेवर तपासलंस? दर दुसऱ्या आवर्तनाच्या! ऐक. तुझ्या चालीत एका पावलाला आठ चित्रं आहेत आणि प्रत्येक चित्र तू दोन फ्रेम ठेवलंयस. पाऊल झालं 16 फ्रेमचं. मात्रा आहे 15 ची. दर पावलाला एक फ्रेम मागं. पहिलं आवर्तन संपतं 120 व्या फ्रेमवर, आणि आजीची पावलं पडतात 112 व्या आणि 128 व्या फ्रेमवर. सम आली तेव्हा आजीचा पाय हवेत! पुढं 240 व्या फ्रेमवर तिची पंधरा पावलं होतात आणि गाण्याच्या सोळा मात्रा होतात, म्हणून दोघं पुन्हा जुळतात. तू नेमका तिथं थांबून बघत होतास आणि मान डोलावत होतास. मधल्या सगळ्या वेळात बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही, तो फक्त व्हिडिओ बंद करतो.

उपाय सोपा आहे. पावलाला आठऐवजी सात चित्रं घे. सहा चित्रं दोन-दोन फ्रेमची आणि एक तीन फ्रेमचं. सहा दुणे बारा आणि तीन, पंधरा. तीन फ्रेमचं चित्र कुठलं? पाऊल जमिनीला टेकतं ते. तिथं क्षणभर जास्त थांबलं की पावलाला वजन येतं. म्हातारीचं पाऊल आहे, उड्या मारणारं कोकरू नव्हे. आणि पाऊल टेकण्याचं चित्र ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी येऊ दे. डोळ्याला दिसलेलं आणि कानाला ऐकू आलेलं मग एकत्र बसतं. ठोक्यानंतर आलं तर चित्र गाण्यामागं फरफटत चाललंय असं वाटतं. पुढच्या वेळी गाणं ध्वनिमुद्रित व्हायच्या आधी मित्राशी बोल. मिनिटाला 90 मात्रा ठरवल्यास तर मात्रेला बरोबर 16 फ्रेम मिळतील आणि तुझी आठ चित्रांची चाल जशीच्या तशी बसेल. हे गाणं होण्याआधी विचारायचं असतं. आता विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

राहिला ब्रिज. इथं तर तू कहर केलास. गाण्यात टाळ थांबतात, पखवाज थांबतो, एकतारीवर आवाज नुसता तरंगतो. चार आवर्तनं, वीस सेकंद. आणि त्या वीस सेकंदांत तू सतरा शॉट घातलेस. का, तर ‘सर, तिथं फार रिकामं वाटत होतं.’ अरे, ते रिकामं वाटावं म्हणूनच मित्रानं टाळ थांबवले! गाण्याचा तो भाग म्हणजे घरातून बाहेर पडणं. आतापर्यंत जो नियम पाळला, तो तिथं मोडायचा. तुझ्या चित्रात आतापर्यंत कुठला नियम आहे? रेघ. मग ब्रिजमध्ये रेघ नको. एकही नको. कोरडं पात्र. घाट नाही, माणूस नाही, कागदाचा रंग आणि थोडी वाळू. वीस सेकंद एकच शॉट.

थांब, बोलू नकोस. 480 फ्रेम एकच चित्र गोठवून ठेवलं, तर लॅपटॉप अडकला असं लोकांना वाटेल, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तेच चित्र तीनदा गिरवायचं. तेच चित्र तीन वेगळ्या कागदांवर, हात थोडाथोडा हललेला. ती तीन चित्रं आळीपाळीनं, प्रत्येकी तीन-तीन फ्रेम. वाळू जागच्या जागी थरथरत राहते. चित्र हलत नाही, पण जिवंत असतं. वीस सेकंदांना तीन चित्रं. सतरा शॉटांचं ओझं गेलं की नाही? आणि हात जरासाच हलू दे. फार हलवलास तर वाळूऐवजी पाणी उकळतंय असं दिसेल.

ब्रिजचं शेवटचं आवर्तन मात्र नीट ऐक. शेवटच्या दोन मात्रांना तुझ्या मित्राचा आवाज वर चढतो आणि मग समेवर टाळांसकट पालुपद येतं. त्या दोन मात्रा म्हणजे 30 फ्रेम. तेवढ्यात डाव्या काठाकडून रेघ यायला लागली पाहिजे आणि समेवर ती उजव्या काठाला पोचली पाहिजे. एक फ्रेमही उशीर नको. समेवर रेघ सुरू केलीस तर गाणं घरी पोचलं आणि चित्र अजून दारात, असं होईल.

आता चौथं पालुपद. रेघ कुठं? तुझ्या मनात आलं ते मला कळलं. पूर आणायचा, रेघ पहिल्या पायरीवर, सगळे खूश. नको. गाण्याचे शब्द तसं काही म्हणत नाहीत, मग तू कशाला खोटं बोलतोस? रेघ सातव्या पायरीवर, तिसऱ्या पालुपदाला होती तिथंच ठेव. पण या वेळी ती पाण्याची नाही. एक लहान पोर त्या कोरड्या पायरीवर ओल्या बोटानं ती ओढतंय. मांडणी तीच, जागा तीच, रेघ तीच. ओढणारं कोण, एवढंच बदललं. मग विरत जाणाऱ्या वादनाच्या दोन चौकटींत ती ओली रेघ उन्हात हळूहळू वाळू दे. शब्द नको, ‘समाप्त’ नको.

बघ, किती थोडं राहिलं. एक घाट, एक आजी, एक बाप, एक पोरगा, एक लहान पोर, एक रेघ. एक्केचाळीस शॉटांचे तेरा-चौदा झाले. आता उद्यापासून चित्र काढायला बसायचं असेल तर खुशाल बस, पण मग माझ्याकडं येऊ नकोस. आधी बत्तीस चौकटींत काड्यांची माणसं काढ. प्रत्येक चौकटीचा मोबाइलवर फोटो काढ, पाच-पाच सेकंद लाव आणि खाली गाणं टाक. असा कच्चा आराखडा एका संध्याकाळी होतो. चुकलं तर चौकट खोडायला रबर पुरतं. रंगवून झाल्यावर चुकलं तर महिना जातो, तो तुझा गेलाच आहे.

तो आराखडा मला दाखवू नकोस. मी सगळं बोलून बसलोय, मला रेघ दिसणारच. तुझ्या आजीला दाखव. आवाज पूर्ण बंद करून. तिला सांग, ‘आजी, पालुपद आलं असं वाटलं की बोट वर कर.’ ती आयुष्यभर भजनाला बसलेली बाई आहे, पालुपद म्हणजे काय ते तिला शिकवावं लागणार नाही. पहिल्यांदा तिचं बोट वर जाणार नाही, कारण घर तिनं अजून पाहिलेलं नाही. दुसऱ्यांदा उशिरा जाईल. तिसऱ्यांदा घाट दिसताक्षणी गेलं पाहिजे. नाही गेलं तर तुझ्या अंतऱ्यांतली रेघ उंचीवरून हललीय, तिथं जाऊन बघ. आणि ब्रिजच्या वीस सेकंदांत तिचं बोट खाली राहिलं, पण डोळे पडद्यावरून हलले नाहीत, तर मग पेन्सिलीला टोक कर.

ऊठ आता. आणि तो मोर पुसून टाक.